जुन्या मॅनेजरला रेफरन्ससाठी मेल करताना त्यात काय काय लिहायचं

प्रश्न: ज्या मॅडमच्या हाताखाली काम केलं त्यांना रेफरन्ससाठी मेल करायचाय. तीनेक वर्षं झाली, त्या आता दुसऱ्या कंपनीत आहेत. सीव्ही जोडून "रेफरन्स द्याल का" एवढं लिहिलं तर पुरेल की अजून काही सांगावं लागेल?

उत्तर:

सीव्ही जोडाच, पण नुसत्या सीव्हीवर चांगला रेफरन्स देता येत नाही. मी गेली सतरा-अठरा वर्षं टीम सांभाळतेय, रेफरन्स लिहिलेत, फोनवर दिलेत आणि भरती करताना पलीकडच्या बाजूला बसून दुसऱ्यांनी दिलेले ऐकलेतही. जुन्या मॅनेजरची अडचण अशी असते की तुमच्याबद्दलचं मत तिच्या डोक्यात पक्कं असतं, पण ते मत ज्या प्रसंगांमुळे झालं ते प्रसंग पुसले गेलेले असतात. "चांगली होती, जबाबदार होती, कधी मागे लागावं लागलं नाही" एवढं लगेच आठवतं, पण समोरच्याने "एखादं उदाहरण?" म्हटलं की गाडी अडते. आणि समोरचा उदाहरणच मागतो, कारण चांगली होती हे तर सगळेच म्हणतात.

माझ्याकडून हे एकदा फार वाईट झालंय. बिलिंगच्या टीममध्ये माझ्या हाताखाली एक मुलगी होती, खरंच उत्तम. मी ती कंपनी सोडल्यावर दोनेक वर्षांनी तिचा मेल आला, की मॅडम ओळखलंत ना, एका ठिकाणी रेफरन्स म्हणून तुमचं नाव देतेय, चालेल ना, सीव्ही जोडलाय. मी म्हटलं अगं दे की, विचारायचं काय त्यात. मग एका दुपारी दोन मीटिंगच्या मध्ये मला फोन आला. पहिली पाच मिनिटं ठीक गेली, कधीपासून कधीपर्यंत होती, कुठल्या हुद्द्यावर होती, वगैरे. मग त्यांनी विचारलं की वरच्यांच्या निर्णयाला हिने विरोध केला असा एखादा प्रसंग सांगा. मी म्हटलं, ती स्पष्ट बोलायची. ते म्हणाले, म्हणजे कसं? आणि मला एकही प्रसंग सांगता आला नाही. "तशी ती खूप प्रामाणिक आहे हो" असं काहीतरी गुळमुळीत बोलून मी फोन ठेवला. दोन दिवसांनी गाडी चालवताना एकदम आठवलं की याच मुलीने एक अख्खं सिस्टीम मायग्रेशन थांबवलं होतं! तोपर्यंत त्यांचं टिपण लिहून झालेलं होतं. ते काम तिला मिळालं नाही. फक्त माझ्यामुळे गेलं असं मी म्हणणार नाही, पण माझ्या बोलण्याने तिला काडीची मदत झाली नाही हे नक्की, आणि ते मला अजून लागतं.

वर्षभराने तिने परत विचारलं तेव्हा मी तिला सरळ सांगितलं की मला आठवण करून दे, नीट सविस्तर लिही, लाजू नको. तिने जो मेल पाठवला तो मी तिला विचारून इथे देतेय. ओळख पटेल असं काढून टाकलंय, आकडे आणि तारखा थोड्या बदलल्यात, बाकी तसाच आहे.

विषय: रेफरन्ससाठी विनंती, ऑपरेशन्स लीड, 18 तारखेच्या आत

नमस्कार मॅडम,

जून 2019 ते सप्टेंबर 2021 मी तुमच्या बिलिंग टीममध्ये होते, आधी ॲनालिस्ट आणि शेवटचे 10 महिने सीनियर ॲनालिस्ट. टीममध्ये तेव्हा आपण 7 जण होतो.

आता ऑपरेशन्स लीडच्या जागेसाठी मी शेवटच्या राउंडपर्यंत आलेय. तिथे 8 जणांची टीम आहे आणि पहिल्याच वर्षी एक जुनी सिस्टीम बदलायचीय. इंटरव्ह्यूमध्ये त्यांनी दोन गोष्टी फिरून फिरून विचारल्या. एक, काहीतरी चुकतंय असं दिसलं तर मी काम थांबवू शकते का, आणि दोन, मी माणसं सांभाळू शकते का. दुसऱ्या मुद्द्यावर माझे नंतरचे मॅनेजर बोलणार आहेत, कारण टीम मी त्यांच्याकडे असताना सांभाळली. पहिल्याबद्दल तुम्ही बोलावं असं वाटतं, कारण ते तुमच्यासमोर घडलंय.

तुम्हाला आठवत असेल, नोव्हेंबर 2020 मध्ये नवीन बिलिंग सिस्टीमच्या टेस्ट रनमध्ये एकूण रक्कम बरोबर जुळली होती आणि सोमवारी लाइव्ह जायचं ठरलं होतं. मी ग्राहकवार ताळा केला तेव्हा दिसलं की क्रेडिट नोट्स शाखेच्या खात्याऐवजी मुख्य खात्यावर पडतायत. त्यामुळे टोटल बरोबर येत होती पण साधारण 340 खात्यांचे बॅलन्स चुकलेले होते. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मी एका ग्राहकाचं जुनं आणि नवीन स्टेटमेंट शेजारी शेजारी दाखवलं. लाइव्ह दोन आठवडे पुढे गेलं. मॅपिंग व्हेंडरने दुरुस्त केलं, पुन्हा तपासायचं काम मी आणि अजून एकाने केलं.

त्याच वर्षीच्या रिव्ह्यूमध्ये तुम्ही मला म्हणाला होतात की मी सगळं स्वतःच ओढते, कुणाला वाटून देत नाही. त्यानंतर मंथ एंडचं क्लोजिंग मी दोन ज्युनिअर्सना शिकवलं आणि शेवटचे सहा महिने मी ते फक्त तपासत होते. उणिवांबद्दल विचारलं तर हे जरूर सांगा.

नंतरचं फक्त माहितीसाठी: 2022 पासून मी 4 जणांची टीम बघतेय.

12 ते 18 च्या दरम्यान त्यांच्या एचआरकडून तुम्हाला फोन येईल, साधारण 20 मिनिटं, इंग्रजीत. त्याआधी एक छोटा ऑनलाइन फॉर्म येईल, तो बाहेरच्या एजन्सीच्या आयडीवरून येतो म्हणून स्पॅममध्ये जाऊ शकतो. तुमचा कुठला नंबर आणि कुठला मेल आयडी देऊ? सीव्ही आणि जागेचं वर्णन जोडलंय.

सध्या वेळ नसेल किंवा या जागेसाठी माझ्याबद्दल ठामपणे बोलता येणार नाही असं वाटत असेल तर बिनधास्त सांगा, मी दुसऱ्या कुणाला विचारेन. 8 तारखेपर्यंत कळवलंत तर बरं होईल.

आता यात नेमकं काय कामाला आलं ते सांगते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मायग्रेशनच्या परिच्छेदाचा. तिथे स्वतःचं कौतुक एका शब्दानेही नाहीये हे बघा. मी डिटेल ओरिएंटेड आहे, मी ओनरशिप घेते, असं काहीही नाही. नुसता प्रसंग आहे: केव्हा, काय ठरलं होतं, हिला काय दिसलं, हिने काय केलं, पुढे काय झालं. हे वाचताना मला ती शुक्रवारची मीटिंग डोळ्यासमोर आली, आणि मग जे मेलमध्ये नव्हतं तेही आठवायला लागलं. आदल्या संध्याकाळी ती तीन खात्यांचे प्रिंटआउट घेऊन माझ्या डेस्कपाशी आली होती आणि म्हणाली होती, "मॅडम, टोटल जुळतेय म्हणूनच मला भीती वाटतेय." हे वाक्य तिला स्वतःलाही आठवत नव्हतं, मी फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाली, मी असं बोलले होते? आणि रेफरन्समध्ये सगळ्यात वजनदार हेच ठरतं, मॅनेजरने स्वतः पाहिलेलं, उमेदवाराच्या सीव्हीत कुठेही नसलेलं. तुमच्या मेलने मॅनेजरची आठवण जागी करायची, पुढचं ती तिचं बोलते. विशेषणं लिहून पाठवलीत तर ती तीच विशेषणं परत म्हणेल आणि ऐकणाऱ्याला ती सीव्हीत आधीच दिसलेली असतात.

म्हणून प्रसंग निवडताना बघायचं की मॅनेजर तिथे हजर होती का, तिला त्यातलं काही स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं होतं का. तुमचं सगळ्यात मोठं यश तिच्या गैरहजेरीत झालं असेल तर ते तिच्या काही कामाचं नाही, त्यापेक्षा तिच्यासमोर झालेली लहान गोष्ट घ्या. एक प्रसंग नीट लिहा, फार तर दोन. मला एकाने बारा मुद्द्यांची यादी पाठवली होती, सगळे एकेका ओळीचे, आणि ती वाचून मला एकही गोष्ट आठवली नाही, कारण आठवायला धागा लागतो: जागा, माणसं, काय अडलं होतं, असं काहीतरी.

स्वतःचा वाटा जेवढा होता तेवढाच लिहायचा, हे मी फार ठासून सांगेन. तिने लिहिलंय की मॅपिंग व्हेंडरने दुरुस्त केलं आणि तपासायला अजून एक जण होता. तिने "मी मायग्रेशन लीड केलं" असं लिहिलं असतं तर मी थबकले असते, कारण लीड कोण होतं ते मला माहितीय, आणि मग बाकीच्या मेलवरचाही माझा विश्वास उडाला असता. शिवाय फोनवर समोरच्याने "त्यांनी लीड केलं ना?" विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, म्हणजे मीच तुमचा सीव्ही खोटा पाडल्यासारखं होतं. तारखा आणि हुद्दा सीव्हीप्रमाणेच मेलमध्ये लिहायचं कारणही तेच. मी अंदाजाने "2020 पासून असेल" म्हणाले आणि सीव्हीत 2019 असलं की उगाच शंकेला जागा, आणि यात चूक कुणाचीच नसते. आकड्यांचंही असंच, मॅनेजरला पटेल आणि तिने तेव्हा पाहिलेला असेल असाच आकडा द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे ही जागा काय आहे आणि तिथे नेमकं काय तपासतायत. हे बहुतेक लोक लिहीतच नाहीत, किंवा जाहिरातीची लिंक टाकून मोकळे होतात, आणि भरती बंद झाली की ती लिंक उघडत नाही, म्हणून वर्णन फाइल म्हणून जोडा. पण नुसतं वर्णनही पुरत नाही कारण त्यात पंधरा गोष्टी लिहिलेल्या असतात. इंटरव्ह्यूमध्ये त्यांनी कशावर सारखं विचारलं हे फक्त तुम्हाला माहीत असतं, ते एका वाक्यात सांगा आणि त्यातला कुठला भाग या मॅनेजरने उचलावा तेही सांगा. तिने दोन रेफरन्समध्ये वाटणी करून दिली होती त्यामुळे मला कळलं की माणसं सांभाळण्याबद्दल मी ताणून काही बोलायची गरज नाही, तसंही ते मी फारसं पाहिलेलं नव्हतं. नाहीतर होतं काय, तिन्ही रेफरन्स एकच "मेहनती आणि टीम प्लेअर" सांगतात आणि उरलेल्या प्रश्नांची उत्तरं कुणाकडूनच मिळत नाहीत.

उणिवेचा परिच्छेद वाचून काही जणांना वाटेल की हे कशाला, आपणच आपल्या पायावर धोंडा का पाडून घ्यायचा. पण सुधारायला काय हवं हा प्रश्न जवळपास प्रत्येक रेफरन्समध्ये येतो. बिझनेस स्कूलसाठी रेफरन्स हवा असेल तर तिथे तो लेखीच असतो. बऱ्याच स्कूल्स जीमॅट परीक्षा घेणाऱ्या जीमॅक संस्थेचं कॉमन लेटर ऑफ रेकमेंडेशन वापरतात, त्यात मॅनेजरला विचारलेलं असतं की तुम्ही या व्यक्तीला दिलेला सगळ्यात महत्त्वाचा सुधारणेचा फीडबॅक कुठला आणि तिने त्यावर काय केलं. आता तीन वर्षांपूर्वी दिलेला फीडबॅक कुठल्या मॅनेजरच्या लक्षात राहतो? मग ती एकतर "ती जरा जास्तच काम करते" असलं पोकळ काहीतरी लिहिते, किंवा त्या क्षणी जे सुचेल ते, आणि ते त्या जागेसाठी नेमकं अडचणीचंही निघू शकतं. त्यापेक्षा तिनेच दिलेला खरा फीडबॅक तिला आठवून द्या आणि तुम्ही त्यावर काय केलं जे तिलाही दिसलं होतं, ते लिहा. घडलेलंच लिहायचं, मेलसाठी रचायचं नाही, ते लगेच कळतं.

त्याच फॉर्ममध्ये अजून एक प्रश्न असतो, की अशाच कामावरच्या इतर चांगल्या लोकांच्या तुलनेत ही व्यक्ती कशी. नोकरीच्या फोनवरही हे वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. यासाठी तिने "टीममध्ये तेव्हा 7 जण होतो" लिहिलेलं फार उपयोगी पडलं. तुलना तुम्ही करायची नाही, ते बरं दिसत नाही, पण टीम केवढी होती आणि तुमच्या लेव्हलचे किती जण होते एवढं आठवून दिलं की मॅनेजर स्वतःच सांगू शकते की त्या सातांमध्ये मी हिला कुठे ठेवते.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी भराभर सांगते. फोन येणार की फॉर्म की पत्र, कुणाकडून, कुठल्या भाषेत, किती वेळाचं काम, शेवटची तारीख कुठली. पत्र असेल तर लेटरहेड लागतं का, लांबीची मर्यादा आहे का. ॲडमिशनचं पोर्टल बहुतेक वेळा तुम्ही नाव भरलंत की आपोआप लिंक पाठवतं, आणि काही ठिकाणी मॅनेजरचा ऑफिसचाच आयडी मागतात, तेव्हा तिला आधी विचारल्याशिवाय नाव भरू नका. तयारीला निदान दोन आठवडे द्या. मेलचा आकार वर दिलाय तेवढाच ठेवा, यापेक्षा फार वाढला तर लोक "नंतर वाचू" म्हणून ठेवतात आणि ते नंतर येत नाही.

एक मर्यादा लक्षात घ्या. बऱ्याच कंपन्यांचा नियम असतो की माजी कर्मचाऱ्याबद्दल फक्त तारखा आणि हुद्दा सांगायचा आणि तोही एचआरने, मॅनेजरने कंपनीच्या नावाने मत द्यायचं नाही. तुमच्या मॅडम ती कंपनी सोडून गेल्यात त्यामुळे त्यांना तसं बंधन बहुधा नसेल, पण त्या तुमच्या आत्ताच्या नाही तर तेव्हाच्या मॅनेजर आहेत हे समोरच्याला आधीच कळवा. नाहीतर त्यांच्या नवीन कंपनीचा आयडी बघून लोक गोंधळतात, की तुम्ही तर इथे कधी नव्हतात मग या तुमच्या मॅनेजर कशा. मेलमध्ये "वैयक्तिक नात्याने बोललात तरी चालेल" एवढं टाकलं की त्यांनाही मोकळं वाटतं. कोणी अजून त्याच कंपनीत असेल तर हे आधी विचारून घ्या, ऐन वेळी एचआरकडे बोट दाखवलं तर तुमच्या हातात नुसत्या तारखा राहतात.

कधीकधी मॅनेजर म्हणते, तूच लिहून पाठव गं, मी सही करते. तिला खरंच वेळ नसतो. तरी आख्खं पत्र लिहून देऊ नका, वरच्यासारखे प्रसंग आणि तारखा द्या आणि म्हणा की वाक्यं तुमची असू देत. कारण तुम्ही दोघांना पत्र लिहून दिलंत तर दोन्ही पत्रांत तेच शब्द, तीच वळणं येतात, आणि रोज अशी पत्रं वाचणाऱ्याला ते दोन मिनिटांत कळतं. मी स्वतः एकदा दोन पत्रांत एकच वेगळा शब्दप्रयोग पाहून तिसऱ्या रेफरन्सला फोन केला होता.

शेवटच्या नकाराच्या ओळीबद्दल. ती नुसती सभ्यता म्हणून नाहीये. ज्याला तुमच्याबद्दल ठाम बोलता येत नाही तो तोंडावर क्वचितच नाही म्हणतो, तो "हो हो, बघू" म्हणतो आणि मग फोनवर कोमट बोलतो. त्याला बाहेर पडायला वाट दिली की तो निघून जातो आणि तुमचं नुकसान टळतं. उत्तर कसं येतं ते बघा. ज्या मॅनेजरने मनापासून घेतलंय ती काहीतरी उलट विचारते, "ते लाइव्ह डिसेंबरमध्ये झालं ना गं?" किंवा "तो दुसरा मुलगा कोण होता तुझ्याबरोबर?" नुसतंच "शुअर, ऑल द बेस्ट" आलं तर एक दहा मिनिटांचा फोन मागा, आणि त्या फोनवरही त्या कशाबद्दल काही विचारत नसतील तर हातात दुसरं एक नाव तयार ठेवा.

त्या दुसऱ्या वेळी फोन आला तेव्हा तिचा मेल मी लॅपटॉपवर उघडून ठेवला होता. विरोधाचा प्रश्न परत आलाच, शब्द जरा वेगळे होते. मी त्यांना तीन प्रिंटआउट्सबद्दल सांगितलं, टोटल जुळतेय म्हणूनच भीती वाटतेय हे सांगितलं, आणि पलीकडची बाई म्हणाली, एक मिनिट थांबा, हे मी लिहून घेते.